रांगेत शून्य, हातात 30 हजार

गणपतीच्या तोंडावर कोकणात जाणाऱ्या गाडीचं तिकीट मोबाइलवर काढलं, पैसे खात्यातून गेले, स्क्रीनवर ‘बुकिंग झालं’ असंही आलं. पण तिकिटाचा एसएमएस तास उलटला तरी येत नाही. आपण कस्टमर केअरला फोन लावतो आणि ‘सर्व्हर स्लो आहे’ एवढंच ऐकून फोन ठेवतो. खरं तर अशा वेळी सर्व्हर बहुधा ठीकच चाललेला असतो. बुकिंगही झालेलं असतं. अडकलेला असतो तो बुकिंग आणि एसएमएस यांच्या मधला निरोप. तो नेमका कुठे अडकला हे कंपनीतल्या इंजिनिअरला दोन आकड्यांवरून कळू शकतं, आणि ते दोन आकडे चुकीचे वाचले तर सगळी संध्याकाळ भलत्याच दुरुस्तीत जाऊ शकते.

मोठ्या बुकिंग साइटवर तिकीट काढणं आणि एसएमएस पाठवणं ही कामं एकाच प्रोग्रामकडे ठेवत नाहीत. एसएमएस कंपनीची यंत्रणा दोन सेकंद अडखळली, म्हणून प्रवाशाला स्क्रीनसमोर ताटकळत ठेवण्यात काही अर्थ नसतो. त्यामुळे बुकिंगचा प्रोग्राम ‘अमुक नंबरवर अमुक तिकीट पाठवा’ एवढा मेसेज एका रांगेत टाकतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. रांगेच्या दुसऱ्या टोकाला वेगळे प्रोग्राम बसलेले असतात. त्यांना कन्झ्युमर म्हणतात, बोलताना वर्कर. ते एकेक मेसेज घेतात, तिकिटाची पीडीएफ बनवतात, एसएमएस पाठवतात, नोंद करतात. मधली रांग सांभाळतो तो ब्रोकर, आणि रॅबिटएमक्यू हा त्यातला एक नावाजलेला ब्रोकर. 2007 मध्ये लंडनमध्ये तो तयार झाला. ज्या एर्लांग भाषेत तो लिहिलाय, ती एरिक्सन कंपनीनं टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवलेली आहे. असंख्य छोटी कामं एकाच वेळी न गडबडता सांभाळायची, हा त्या भाषेचा पिंड. आजच्या आपल्या विषयाला मात्र या कुळकथेपेक्षा एक साधी गोष्ट जास्त लागते, ती म्हणजे पोच.

रजिस्टर पत्र आठवा. पोस्टात आलेली पत्रं आधी ऑफिसात पडून असतात. सकाळी पोस्टमन त्यातली काही थैलीत घालून निघतो. थैलीत गेलेलं पत्र आता ऑफिसात नाही, पण ते घरी पोचलं असंही म्हणता येत नाही. घेणाऱ्याची सही होऊन पोच परत आली की मगच ते वहीतून निघतं. रॅबिटएमक्यूमध्ये हेच घडतं. रांगेत थांबलेला, अजून कुणालाच न दिलेला मेसेज म्हणजे ‘रेडी’. वर्करला दिलेला, पण ‘काम झालं’ अशी पोच न आलेला मेसेज म्हणजे ‘अनॲक्ड’. पोच आली की ब्रोकर तो मेसेज पुसून टाकतो. वर्कर मध्येच बंद पडला, तर त्याच्याकडचे पोच न आलेले सगळे मेसेज ब्रोकर परत रांगेत घेतो आणि दुसऱ्या वर्करला देतो. मेसेज सहसा हरवत नाही तो यामुळेच.

ब्रोकरचा डॅशबोर्ड ब्राउझरमध्ये उघडतो, बहुतेक ठिकाणी 15672 या पोर्टवर. रांगांच्या पानावर प्रत्येक रांगेची एक ओळ असते आणि त्यात Ready, Unacked आणि Total असे तीन आकडे शेजारी शेजारी असतात. तिसरा म्हणजे पहिल्या दोघांची बेरीज. एखाद्या रांगेवर क्लिक केलं की याच तिघांचा आलेख दिसतो: रेडी पिवळा, अनॲक्ड निळा, टोटल लाल. त्याखाली मेसेज येण्याचा आणि पोच मिळण्याचा वेग दिसतो, दर सेकंदाला किती या हिशेबानं. आकडे साधारण दर 5 सेकंदांनी ताजे होतात, त्यामुळे एखादी क्षणिक उसळी दिसली म्हणून घाबरायचं कारण नसतं. आलेख किमान शेवटच्या तासाचा लावून पाहावा. हेच आकडे ज्यांना कमांडनं पाहायचे आहेत, ते सर्व्हरवर असं विचारतात:

```
rabbitmqctl list_queues name messages_ready messages_unacknowledged consumers
```

आता खरा प्रश्न. रांग तुंबली म्हणजे नेमका कोणता आकडा वाढला? बहुतेक जण रेडीकडे बोट दाखवतील. थांबलेले मेसेज म्हणजे रेडी, तेव्हा तुंबलं तर रेडीच वाढणार, असा सरळ तर्क असतो. तो अर्धाच बरोबर आहे. वर्करनं एका वेळी किती मेसेज हाताशी धरायचे, यावर कुणी मर्यादा घातली असेल तरच तो लागू पडतो. या मर्यादेला प्रीफेच म्हणतात. प्रीफेच 10 असेल तर ब्रोकर एका वर्करला 10 मेसेज देतो आणि पोच येईपर्यंत अकरावा देत नाही. प्रीफेच ठरवलंच नसेल तर ब्रोकर थांबत नाही. जेवढं येईल तेवढं वर्करांमध्ये आळीपाळीनं वाटून टाकतो, वर्करला ते झेपो न झेपो.

म्हणून अनॲक्डचा आकडा सुटा वाचायचाच नाही. तो नेहमी एका छताशी ताडून पाहायचा, आणि ते छत म्हणजे वर्करांची संख्या गुणिले प्रीफेच. चार वर्कर आणि प्रीफेच 10, म्हणजे छत 40. अनॲक्ड 12 असेल तर वर्करांना अजून उसंत आहे. अनॲक्ड 40 वर खिळून राहिला असेल तर सगळ्यांचे हात भरलेले आहेत. आणि छतच नसेल तर अनॲक्ड वाढतच जातो, रेडी मात्र शून्यावर शांत. हा शेवटचा प्रकार सगळ्यात फसवा. तो एका उदाहरणातून सविस्तर पाहू. कंपनी काल्पनिक आहे आणि आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केलेत, पण प्रकार अगदी नेहमीचा आहे.

समजा, राज्यभरच्या खासगी बसचं बुकिंग घेणारी एक कंपनी आहे. तिच्या एसएमएसच्या रांगेवर चार वर्कर बसलेत. प्रत्येक वर्कर एका वेळी एकच मेसेज हातावेगळा करतो आणि एरवी त्याला एका मेसेजला 200 मिलिसेकंद लागतात. म्हणजे एक वर्कर सेकंदाला 5, चौघे मिळून 20. गणपतीआधीच्या आठवड्यात संध्याकाळी सेकंदाला 18 मेसेज येऊ लागतात. वीसच्या आत आहे, म्हणून कुणी काळजी करत नाही. वर्करच्या कोडमध्ये प्रीफेच कुणी ठरवलेलं नाही.

संध्याकाळी 7 वाजता एसएमएस पाठवणाऱ्या बाहेरच्या कंपनीचा गेटवे मंदावतो. एका मेसेजला 200 ऐवजी 500 मिलिसेकंद लागू लागतात. आता एक वर्कर सेकंदाला 2 मेसेज उरकतो, चौघे मिळून 8. येतात 18, निघतात 8. सेकंदाला 10 मेसेज मागे राहतात, मिनिटाला 600. पन्नास मिनिटांत 30,000.

पावणेआठपर्यंत ऑफिसात कुणालाच पत्ता नसतो. धोक्याचा इशारा रेडीवर लावलेला असतो: रेडी 1,000 च्या वर गेला की फोन वाजावा. फोन वाजतच नाही, कारण रेडी शून्य आहे. प्रवाशांच्या तक्रारी आल्यावर कुणीतरी डॅशबोर्ड उघडतो, आणि 7 वाजून 50 मिनिटांनी त्याला हे दिसतं:

```
Ready: 0    Unacked: 30,000    Total: 30,000
```

आलेखात लाल आणि निळी रेघ एकमेकींवर चढून वर चाललीय, पिवळी तळाशी आडवी आहे. रांग रिकामी आहे. सगळे मेसेज चार वर्करांकडे वाटले गेलेत, प्रत्येकाच्या मेमरीत साडेसात हजार. त्याच पानावर ‘Consumer capacity’ म्हणून एक टक्केवारी असते, ती 100% दाखवतेय. अननुभवी माणूस ते पाहून निश्चिंत होतो. पण ती टक्केवारी वर्कर किती कार्यक्षम आहेत हे सांगत नाही. ब्रोकरला मेसेज द्यायला घेणारा लगेच मिळाला का, एवढंच ती सांगते. ज्याला ‘नको’ म्हणताच येत नाही, त्याला देणं केव्हाही शक्य असतं.

प्रवाशाला किती वाट पाहावी लागेल याचा अंदाज इथेच काढता येतो. टोटलला पोच मिळण्याच्या वेगानं भागा. 30,000 भागिले 8 म्हणजे 3,750 सेकंद, तासाहून थोडा जास्तच. आत्ता तिकीट काढणाऱ्याला एसएमएस साधारण नऊच्या सुमारास मिळेल. या भागाकारात रेडी आणि अनॲक्ड दोन्ही धरायचे, कारण प्रवाशाच्या दृष्टीनं मेसेज रांगेत थांबला काय किंवा वर्करच्या मेमरीत थांबला काय, सारखंच.

आता ऑफिसात पहिली हाक उठते ती ‘वर्कर वाढवा’. चार नवे वर्कर सुरू होतात. एकूण आठ. दोन मिनिटांत आलेखाचा चढ कमी होतो आणि सगळे हुश्श करतात. इथे थांबून हिशेब करायला हवा, कारण चढ कमी झाला तरी 30,000 मेसेज होते तिथेच आहेत. ते जुन्या चौघांच्या मेमरीत आहेत आणि ब्रोकर एकाकडून काढून दुसऱ्याला देत नाही. नव्यांच्या वाट्याला फक्त नवे येणारे मेसेज, तेही निम्मेच. सेकंदाला 18 पैकी 9 नव्यांकडे, 9 जुन्यांकडे. जुने चौघे सेकंदाला 8 उरकतात आणि 9 घेतात. त्यांचा साठा एकानं वाढतोच आहे. परिणाम असा की आठ वाजता तिकीट काढणाऱ्या ज्या प्रवाशाचा मेसेज नशिबानं नव्या वर्करकडे गेला, त्याला लगेच एसएमएस, आणि साडेसातला काढणारा अजून खोळंबलेला. कस्टमर केअरवर बसलेल्या मुलीला हे कुठल्याच तर्कानं समजावता येत नाही.

त्यात आणखी एक धोका आहे. साडेसात हजार मेसेज मेमरीत धरून बसलेला वर्कर मेमरी संपून कधीही मरू शकतो. तसं झालं तर त्याचे सगळे मेसेज क्षणभर रेडीत येतात आणि पुढच्याच क्षणी उरलेल्यांवर लादले जातात. त्यांचं ओझं वाढतं, मग पुढचा मरतो. शिवाय ज्या मेसेजचा एसएमएस गेला होता पण पोच द्यायची राहिली होती, तो दुसरा वर्कर पुन्हा पाठवतो, आणि प्रवाशाला एकच तिकीट दोनदा मिळतं.

यावर उपाय म्हणजे वर्करच्या कोडमध्ये एक ओळ घालायची आणि त्यांना एकामागोमाग एक रीस्टार्ट करायचं. पायथनमध्ये ती अशी लिहितात:

```
channel.basic_qos(prefetch_count=10)
```

रीस्टार्ट झाल्यावर डॅशबोर्डचं रूपच पालटतं. जुन्या वर्करांनी सोडलेले मेसेज रांगेत परत येतात. रेडी एकदम 30,000 च्या वर, अनॲक्ड फक्त 80. आलेखात पिवळी रेघ तळातून उडी मारून लाल रेघेला जाऊन भिडते, निळी खाली आदळते. रेडीवरचा तो इशारा आत्ता वाजतो आणि मॅनेजर धावत येऊन विचारतात, की तुम्ही नक्की काय मोडलंत? मोडलं काहीच नाही. टोटल होता तेवढाच आहे. मेसेज फक्त जिथे सगळ्यांना घेता येतील अशा जागी आलेत, आणि आठही वर्कर आता सगळ्यात जुन्या मेसेजपासून कामाला लागलेत. या क्षणी घाबरून बदल मागे घेणं ही सगळ्यात महागडी चूक ठरते.

आता आकडे काय सांगतात ते पुन्हा पाहू. छत 8 गुणिले 10, म्हणजे 80. अनॲक्ड 80 वर खिळलाय, म्हणजे सगळे वर्कर बुडाले आहेत कामात. येण्याचा वेग 18, पोचेचा वेग 16. रेडी सेकंदाला 2 नं वाढतोय. हा खऱ्या अर्थानं ताकद कमी पडल्याचा नमुना, आणि फक्त याच नमुन्यात वर्कर वाढवण्याला अर्थ असतो. तेव्हा आणखी चार वाढवतात. बारा वर्कर, नवं छत 120. हिशेबानं पोचेचा वेग 24 व्हायला हवा.

अनॲक्ड लगेच 120 वर जातो. पोचेचा वेग 16 च राहतो.

ही दोन वाक्यं म्हणजे या सगळ्या निदानाचा गाभा आहे. मेसेज धरणारे हात दीडपट झाले, पण बाहेर पडणारं काम तेवढंच. म्हणजे अडचण आता वर्करमध्ये उरलेली नाही. बारा वर्कर मिळून सेकंदाला 16, म्हणजे एका मेसेजला आता 750 मिलिसेकंद लागताहेत. वर्कर वाढवल्याबरोबर गेटवेनं प्रत्येकाला तेवढंच जास्त थांबवायला सुरुवात केली. गेटवेची मर्यादाच सेकंदाला 16 आहे. तुम्ही बारा वर्कर लावा नाहीतर पन्नास लावा. डॅशबोर्ड गेटवेचं नाव सांगणार नाही, ते वर्करच्या लॉगमध्ये वेळ मोजूनच कळेल. पण अडचण वर्करच्या पलीकडे आहे, इतकं तो नक्की सांगतो. कितीतरी टीम या टप्प्यावर वर्कर वाढवतच राहतात आणि क्लाउडचं बिल फुगवून घेतात.

बाहेर पडण्याचा वेग आपल्या हातात नसेल तर येण्याचा वेग कमी करायचा. आपल्या कंपनीत तिकिटाचे मेसेज आणि ‘प्रवास कसा वाटला, स्टार द्या’ छापाचे मेसेज एकाच रांगेत होते, आणि असं बहुतेक ठिकाणी असतं. स्टार मागणारे सेकंदाला 6 होते. ते त्या रात्रीपुरते बंद केले. आता येतात 12, निघतात 16. तोवर साठा सुमारे 32,000 झालेला. तो उपसायला किती वेळ लागेल? इथे बरेच जण 32,000 ला 16 नं भागतात आणि मॅनेजरला ‘अर्ध्या तासात मोकळं होईल’ असं सांगून बसतात. भागायचं असतं फरकानं, कारण उपसत असताना नवं येतच असतं. फरक 4. उत्तर 8,000 सेकंद, म्हणजे जवळपास सव्वादोन तास. साडेदहाच्या सुमारास रेडी शून्यावर येतो, आणि त्यानंतर अनॲक्डही 120 वरून खाली घसरायला लागतो. निळी रेघ छत सोडून खाली आली की समजायचं, वर्करांना श्वास घ्यायला फुरसत मिळाली.

प्रीफेच 10 च का, असं कुणी विचारील. काटेकोर असा आकडा नाही. एक ठेवला तर वर्करला प्रत्येक पोचेनंतर पुढचा मेसेज येईपर्यंत रिकामं बसावं लागतं. काम पाव सेकंदाचं असेल तर ते जाणवणार नाही, पण एक-दोन मिलिसेकंदांच्या कामात निम्मा वेळ वाट पाहण्यातच जाईल. हजार ठेवला तर आपण पुन्हा लपलेल्या साठ्याकडे निघालो. एसएमएससारख्या संथ कामाला दहा-वीस, अगदी चपळ कामाला शे-दोनशे, असा व्यवहार बहुतेकांना मानवतो. आपल्या रांगेचं प्रीफेच काय आहे हे कोड न उघडताही दिसतं: रांगेच्या पानावर कन्झ्युमरांची यादी असते, त्यात ‘Prefetch count’ हा रकाना पाहा. तिथे 0 दिसला तर त्याचा अर्थ ‘मर्यादा नाही’. शून्य पाहून ‘काहीच घेत नाही’ असं वाटतं, आणि अर्थ नेमका उलटा.

आणखी तीन चित्रं ओळखता यायला हवीत. पहिलं सोपं. रेडी वाढतोय, अनॲक्ड शून्य, कन्झ्युमरही शून्य. वर्कर चालूच नाहीत, किंवा नवीन आवृत्ती चढवताना चुकून भलत्याच रांगेला जोडले गेलेत. इथे वेगाचा हिशेब करत बसू नये, आधी वर्कर जिवंत आहेत का ते पाहावं.

दुसरं जरा कठीण आहे. रेडी वाढतोय, अनॲक्ड छतावर खिळलाय, आणि पोचेचा वेग साफ शून्य. वर्कर जोडलेले आहेत, यादीत दिसतात, पण एकही काम पूर्ण होत नाही. बहुधा ते कशाची तरी वाट पाहत गोठलेले असतात: डेटाबेसचं कुलूप सुटायची, किंवा वेळेची मर्यादा न घालता केलेल्या एखाद्या नेटवर्क कॉलची. दुसरी शक्यता अशी की नव्या कोडमध्ये एखाद्या फांदीवर पोच द्यायचंच राहून गेलं. तेव्हा अनॲक्ड हळूहळू चढत जाऊन छताला टेकतो आणि मग सगळं थांबतं. रॅबिटएमक्यू अलीकडच्या आवृत्त्यांत अशा वर्करला कायमचा पोसत नाही. पोच 30 मिनिटांत आली नाही तर मूळ सेटिंगनुसार तो त्याचं चॅनेल बंद करतो आणि मेसेज रांगेत परत घेतो. लॉगमध्ये PRECONDITION_FAILED अशी ओळ सापडते. त्यामुळे अर्ध्या अर्ध्या तासानं अनॲक्ड धपकन खाली, रेडी तेवढाच वर, आणि पुन्हा तेच, असा करवतीच्या दातांसारखा आलेख दिसला तर वर्कर गोठलेत असं खुशाल धरून चाला. वर्कर रीस्टार्ट करून तात्पुरतं सुटतं, पण तो नेमका कशाची वाट पाहत होता ते शोधेपर्यंत दुखणं जात नाही.

तिसऱ्या चित्रात काहीच दिसत नाही, आणि म्हणून ते सगळ्यात वाईट. काही टीम पोचेची कटकट नको म्हणून आपोआप पोच चालू करतात. तसं केलं की ब्रोकर मेसेज पाठवल्याबरोबर तो पोचला असं धरतो आणि पुसून टाकतो. रेडी शून्य, अनॲक्ड शून्य, आणि साठा मात्र वर्करच्या मेमरीत वाढतोय, जिथे या डॅशबोर्डची नजर पोचत नाही. वर प्रीफेचची मर्यादाही इथे लागू होत नाही, कारण ती मोजली जाते पोच न आलेल्या मेसेजवर. वर्कर मेला तर मेसेज परत येत नाहीत. गेले ते गेले. ओळखायची खूण एकच: रांगेच्या पानावर वेगाच्या आलेखात ‘Deliver (auto ack)’ ही रेघ चालू असते आणि ‘Consumer ack’ शून्यावर. पैशांशी किंवा तिकिटांशी संबंध असलेल्या रांगेवर ही रेघ दिसली तर ती तुंबायची वाट पाहू नका, त्याच दिवशी बदला.

ज्यांच्याकडे अशा रांगा आहेत त्यांना एवढंच सांगणं आहे. उद्या ऑफिसात गेल्यावर आपले इशारे उघडून पाहा. ते नुसत्या messages_ready वर लावलेले असतील तर messages वर, म्हणजे बेरजेवर लावा. आणि प्रत्येक रांगेच्या पानावरचा ‘Prefetch count’ पाहून घ्या; जिथे 0 असेल, तिथे सणाची गर्दी सुरू व्हायच्या आत एक आकडा टाका.